पिक लिस्ट लवकर काढल्याने ऑर्डर लवकर जात नाही

चाकणच्या गोदामात नव्याने रुजू झाला आहात, म्हणून लिटलच्या नियमाचा एकच उपयोग सविस्तर सांगतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला हा नियम असा: प्रक्रियेत अडकलेल्या सरासरी ऑर्डर म्हणजे ताशी बाहेर पडणाऱ्या ऑर्डर गुणिले प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ.

समजा, पिक लिस्ट म्हणजे ऑर्डरसाठी गोदामातून कोणता माल उचलायचा याची यादी निघाल्यापासून गाडीत माल चढेपर्यंतच्या टप्प्यात सरासरी 480 ऑर्डर आहेत आणि पॅकिंगची टेबले ताशी 80 च उरकतात. तर प्रत्येकीला सरासरी 6 तास लागणारच. सकाळी सगळ्या पिक लिस्ट एकदम काढल्या, तरी पॅकिंगचा वेग वाढत नाही, फक्त टेबलांसमोर क्रेटची थप्पी वाढते. पॅकिंगला काम कमी पडू न देता हीच संख्या 160 वर रोखली, तर वेळ 2 तासांवर येतो.

मात्र ऑर्डर आल्यापासून मोजल्यास ग्राहकाची प्रतीक्षा तेवढीच राहते, कारण रांग जमिनीवरून स्क्रीनवर सरकलेली असते. तरीही फायदा आहे: रद्द झालेली ऑर्डर क्रेटमधून उपसावी लागत नाही आणि घाईची ऑर्डर पुढे घेता येते.

नियमाने 6 तास येत असताना रवाना झालेल्या ऑर्डरींची नोंद 4 तासच दाखवत असेल, तर माल अपुरा म्हणून कोपऱ्यात पडून राहिलेले क्रेट आधी शोधा. ते संख्येत मोजले जातात, वेळेच्या सरासरीत येत नाहीत. आणि ही सरासरी किमान आठवडाभराची घ्या, सणाच्या गर्दीतल्या एका दुपारची नव्हे.