उन्हाळ्यात चालणारं डिशचं नेट पावसाळ्यात दिवसातून दहादा का जातं?

प्रश्न: आमच्या पाड्यावर एप्रिलमध्ये डिश बसवली, तेव्हा नेट मस्त चालायचं. आता दिवसातून दहादा जातं. सगळे म्हणतात ढगामुळे. झाड तोडू का, डिश थोडी फिरवून बघू का?

भाऊ, दोन्ही करू नका अजून. मी धडगाव-अक्कलकुवा भागात डिश बसवायला फिरतो आणि तुम्ही एप्रिल म्हटलं तिथंच मला शंका आली. डिश दक्षिणेकडच्या आकाशातल्या उपग्रहाकडे बघते, म्हणून तिच्या दक्षिणेला साग किंवा मोह आहे का ते आधी बघा. एप्रिलमध्ये साग उघडा असतो, नुसत्या काड्या, त्यातून सिग्नल आरामात जातो. जुलैत तीच फांदी सुपाएवढ्या पानांनी भरते आणि पानं ओली असली की सिग्नल जवळजवळ अडतोच.

नुसत्या ढगाने सहसा नेट जात नाही, जोराच्या पावसाने जातं, आणि ते जाणं वेगळं दिसतं. मोडेमच्या पेजवर SNR चा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतो त्याचा डीबीमधला आकडा असतो, तो बघत बसा. पाऊस असेल तर आकडा हळूहळू उतरतो, सर गेली की दहावीस मिनिटांत परत चढतो. कधी कधी तुमच्याकडे कोरडं असतं आणि दक्षिणेला दोन किलोमीटरवर सर कोसळत असते, तरी जातं, कारण किरण तिरपा त्या पावसातूनच येतो. झाड असेल तर आकडा सेकंदासेकंदाला उड्या मारतो, आणि डिश हललेली असेल तर निरभ्र आकाशातही आकडा कायम कमीच, एखाद्या वादळाच्या दिवसापासून. आकडा चांगला असून नेट बंद असेल तर दोष बहुतेक कंपनीच्या मुख्य केंद्राकडे, तुमच्या डिशच्या दिशेचा नाही.

मागच्या वर्षी एका पाड्यावर अगदी तुमच्यासारखंच झालं, तिथला शिपाई म्हणाला, "साहेब, वारं सुटलं का जातं नेट, पाऊस असो नसो." त्या एका वाक्यात निम्मं काम झालं. मोडेम बघितला, वारा थांबला की १३ डीबी, वारा आला की ७, ८, १२, परत ६. डिशपासून ४ मीटरवर चढावर साग होता, शेंडा डिशच्या पातळीपासून साधारण ९ मीटर उंच. ती डिश जीसॅट-११ वर होती, तो उपग्रह ७४ अंश पूर्वेला आहे, म्हणजे धडगावहून जवळपास सरळ दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ६४ अंश वर. या कोनात किरण दर मीटर अंतराला २ मीटरहून थोडा जास्त वर चढतो, म्हणजे ४ मीटरवर साडेआठ मीटरच्या आसपास, बरोबर शेंड्यातून! आम्ही झाड तोडलं नाही, डिश ३ मीटर उत्तरेला सरकवून परत लावली. आता साग ७ मीटरवर, खोडाजवळ किरण साडेचौदा मीटरवर, फांद्यांच्या बराच वरून जातो, आकडा १३ वर स्थिर. वनजमिनीवरचं झाड असेल तर परवानगीच्या भानगडीत पडण्यापेक्षा हे बरं.

एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. डिशचं तोंड जिकडे दिसतं तिकडे ती बघत नसते, बऱ्याच डिश दिसतात त्यापेक्षा वीसेक अंश वर बघतात, म्हणून डोळ्याने अंदाज काढू नका. बसवताना दिलेल्या कागदावर दिशा आणि कोन लिहिलेला असतो, तुमचा उपग्रह वेगळा असला तर कोनही वेगळा, फोनच्या होकायंत्राने आणि कोन मोजायच्या अ‍ॅपने त्या रेषेत बघा.

आता फिरवायचं. साधारण ३ इंची पाइपवर क्लॅम्प २ मिलिमीटर सरकला तरी आकाशात अंदाजे एक अंश चुकतो आणि १.२ मीटरच्या डिशला अर्ध्या-पाऊण अंशाच्या पुढे सिग्नल निम्म्याहून खाली जातो. शिवाय ही डिश पाठवतेही, चुकली तर शेजारच्या उपग्रहावर त्रास होतो, म्हणून शेवटची जुळवणी केंद्राशी फोनवर बोलून तंत्रज्ञच करतो. तुम्ही एवढंच करा, पाइप आणि क्लॅम्पवर मिळून मार्करने एक सरळ उभी रेघ मारून ठेवा. वादळानंतर रेघ तुटलेली दिसली की डिश फिरली हे फोनवर नक्की सांगता येतं. पाइप ओळंब्यात आहे का तेही बघा, पावसात पाया खचला तर रेघ जुळलेली असूनही डिश झुकते. आणि नेट चालू असताना डिशसमोर दांड्यावर बसवलेल्या, सिग्नल सोडणाऱ्या फीडपुढे उभं राहू नका.

जीसॅट-११ वर असाल तर सोपी परीक्षा २-३ ऑक्टोबरच्या आसपास होते. दुपारी साडेबाराच्या आत-बाहेर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, तेव्हा डिशवर फांदीची सावली पडली तर अडथळा तोच. त्या दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं नेट जाईल, ते सूर्यामुळे, त्याची तक्रार टाकू नका. तोवर तीन दिवस वारा, पाऊस आणि आकडा वहीत टिपा, ते इथे टाका, मी बघून सांगतो.