नंबर वाचू नकोस, लाव

चि. बेटा,

परवा रात्री तुझा फोन आला, आणि तू रडत होतीस म्हणून मी फार बोललो नाही. आज सविस्तर लिहितो. तुझा प्रश्न असा, की प्रूफ तीनदा वाचलं, यादीतल्या सगळ्या मुद्द्यांवर टिकमार्क केली, दुकानदारानेही व्हॉट्सअ‍ॅपवर ओके दिलं, तरी कूलरच्या सेलच्या पत्रकात चार चुका राहिल्या कशा आणि त्या कोणाच्या.

कोणाच्या ते शेवटी सांगतो. राहिल्या कशा ते आधी.

तू आकडे वाचलेस. आकडा वाचून तपासता येत नाही. शब्द चुकला तर डोळ्याला खटकतो, कारण बरोबर शब्द आपल्याला ठाऊक असतो. ‘कूलर’चा ‘कलूर’ झाला तर तू झोपेतही पकडशील. पण मोबाईल नंबरातले दोन आकडे उलटे पडले तर काय खटकणार? चुकलेला नंबरही नंबरासारखाच दिसतो. चुकलेली किंमतही किंमतच वाटते. त्यासाठी कागद सोडून बाहेर जावं लागतं. नंबर असेल तर लावून बघायचा, वार असेल तर कॅलेंडर काढायचं, किंमत असेल तर कॅल्क्युलेटर. एवढं एक जरी धरलंस तरी बावीस मुद्द्यांची यादी फाडून टाक.

तुझंच पत्रक समोर ठेवून बोलू. मागच्या वर्षीची फाईल उघडून तू ‘सेव्ह अ‍ॅज’ केलंस. सगळेच करतात, मीही केलं. मागच्या वर्षी सेल ‘शनिवार, १२ एप्रिल’ला सुरू झाला होता. या वर्षीही १२ एप्रिललाच ठेवायचा म्हणून तू फक्त २०२५चं २०२६ केलंस. पण तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. म्हणजे या वर्षी १२ एप्रिल रविवारी येतो. छापलं गेलं ‘शनिवार, १२ एप्रिल’. आता अर्धे लोक शनिवारी येणार, अर्धे रविवारी, आणि शनिवारी आलेल्यांना बंद शटर दिसणार. तू ही ओळ तीनदा वाचलीस ना? शंभरदा वाचली असतीस तरी चूक दिसली नसती. भिंतीवरचं कॅलेंडर एकदा बघितलं असतंस तर अर्ध्या मिनिटात दिसली असती. खाली ‘फक्त ८ दिवस’ लिहिलंस. १२ ते २० एप्रिल बोटांवर मोज. दोन्ही टोकं धरून नऊ होतात.

किमतीचंही तसंच. मूळ किंमत १२,५०० रुपये, सूट २५ टक्के, ऑफर किंमत ९,७५० रुपये. दिसायला झकास. आता कॅल्क्युलेटर घे. १२,५०० वर २५ टक्के सूट म्हणजे ३,१२५ रुपये कमी, उरले ९,३७५. छापलेत ९,७५०, आणि तो हिशेब बरोबर २२ टक्क्यांचा निघतो. म्हणजे एक तर २५ चुकलं किंवा ९,७५० चुकलं. कुठलं ते तुला कळणार नाही, आणि इथे नीट ऐक: कळल्यासारखं वाटलं तरी स्वतः दुरुस्त करू नकोस. दोन्ही आकडे लाल पेनाने गोल कर आणि दुकानदाराला विचार. आपल्या मनाने ९,३७५ करून दिलं असतंस आणि चुकलेलं २५ निघालं असतं, तर प्रत्येक कूलरमागे त्याचे ३७५ रुपये गेले असते आणि ते तुझ्या माथी आले असते. आखाजीला माहेरी आलेली बाई गल्ल्यासमोर तोंडी हिशेब करते, बेटा. तिला पंचवीस टक्के म्हणजे पावभाग हे शाळेपासून माहीत आहे.

आता नंबर. याच्यावर मी जास्त लिहिणार, कारण याच्यात मी जळलो आहे.

२००३ साल, मे महिना. धुळ्याच्या एका बियाणं दुकानाचं पत्रक, ५,००० प्रती, कपाशीची लागवड तोंडावर. तेव्हा दुकानांत लँडलाईन, धुळ्याचा कोड ०२५६२ आणि पुढे सहा आकडे. त्या सहातले शेवटचे दोन ३८. मी ८३ टाकले. प्रूफ मी स्वतः मोठ्याने वाचलं आणि तोंडातून ‘अडतीस’च बाहेर पडलं, कारण दुकानाचा नंबर मला पाठ होता. कागदावर त्र्याऐंशी, तोंडात अडतीस. मालकाने बघितलं, सही केली, पत्रकं सोनगीर, कापडणे, नेरपर्यंत वाटली गेली. तो ८३ वाला फोन एका निवृत्त गुरुजींच्या घरी होता आणि त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. पहाटे साडेपाचपासून शेतकरी फोन करत, ‘पाकीट कितीले?’ पंधरा दिवस. शेवटी गुरुजींनी रिसीव्हर काढून ठेवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या मुलीला पुण्याहून घरी फोन लागेना. मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्यांनी मला पाणी विचारलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

एक फोन लावला असता तर पहिल्याच रिंगला कळलं असतं.

म्हणून सांगतो, नंबर वाचू नकोस, लाव. आणि कसा लावायचा तेही सांगतो, कारण यातही लोक चुकतात. प्रूफ कागदावर छापून घे. मोबाईलमधलं सेव्ह केलेलं नाव शोधून लावू नकोस, जुन्या चॅटवरून कॉपी करू नकोस. छापलेल्या कागदावर एकेका आकड्यावर बोट ठेवून कीपॅडवर एकेक दाब. रिंग गेली म्हणजे झालं असं नाही, उचलू दे. ‘हे अमुक दुकान का?’ विचार आणि ‘हो’ ऐक. काही वेळा आकडे बरोबर असतात पण सिमकार्डच बंद पडलेलं असतं, किंवा तो नंबर आता मालकाच्या मेव्हण्याकडे असतो. हेही लावल्याशिवाय कळत नाही. समोर आहे तो प्रत्येक नंबर लाव, मागच्या पानावरचासुद्धा. एकच नंबर तीन ठिकाणी असेल तर तीन वेळा लाव. दोन ठिकाणी नवा आणि तिसऱ्या ठिकाणी जुना राहिलेला मी कितीदा पकडला आहे. क्यूआर कोडही तसाच, छापलेल्या कागदावरून स्कॅन कर आणि काय उघडतं ते बघ.

नंबर फोनवर सांगितला असेल तर दुप्पट सावध. आपल्याकडे माणूस ‘एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी’ असे जोडीने सांगतो. दुकानात मागे मिक्सर चालू असेल तर ५९, ६९ आणि ७९ सगळे सारखेच ऐकू येतात. त्याला सुटे आकडे मागायचे: पाच, नऊ. आणि उलट वाचून दाखवतानाही सुटेच. २००३ साली मी ‘तीन, आठ’ असं बोट ठेवून वाचलं असतं तर ‘आठ’वर बोट आणि तोंडात ‘तीन’ हे जमलंच नसतं.

तुझी चौथी चूक जुन्या नंबरचीच, आणि ती कशी घडली ते मला फाईल न बघता कळलं. तू फाइंड-रिप्लेस केलंस. पण मागच्या वर्षी प्रेसला जाताना फाईलचे कर्व्ह केले होते. कर्व्ह केलेला मजकूर हा मजकूर राहत नाही, चित्र होतो, शोधून सापडत नाही. वरचा नंबर कोणीतरी पुन्हा टाईप केला होता म्हणून तो बदलला, तळाचा कर्व्हमधलाच राहिला. म्हणून जुन्या फाईलवर काम करताना मजकूर नव्याने टाईप कर. वीस मिनिटं जातात, जाऊ दे.

अजून एक जागा आहे जिथे सगळं तपासूनही घात होतो. मोठ्या शीटवर एकाच पत्रकाचे आठ नग लावलेले असतात. छपाईची प्लेट निघायच्या आधी दुकानदाराचा फोन येतो, ‘एवढा एक आकडा बदल ना.’ घाईत पहिल्या नगात बदल होतो आणि सात तसेच राहतात. बदल मूळ फाईलमध्ये कर, आठ नग पुन्हा लाव आणि पुन्हा नंबर लाव. हो, पुन्हा. बदल एका जागी केला तरी सगळे.

शुद्धलेखनावर थोडक्यात. तुझ्या पत्रकात एकदा ‘कूलर’ आहे, दोनदा ‘कुलर’. वर ‘वॉरंटी’, खाली ‘वॉरेंटी’. एक रूप ठरव, कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव आणि सगळीकडे तेच. ‘किंमत’वर अनुस्वार येतो, पण ‘किमतीत’ लिहिताना तो जातो, हे लक्षात ठेव. दुकानाचं नाव मात्र आपल्या व्याकरणाने सुधारू नकोस. पाटीवर जसं आहे तसं. पाटीचा फोटो मागव आणि ताडून बघ. इथेही कागदाबाहेरच जायचं आहे, दुसरं काही नाही.

आता चूक कोणाची. दुकानदाराने ओके दिलं, हे तू चारदा म्हणालीस. मीही म्हणायचो. त्या बियाणंवाल्याची सही असलेलं प्रूफ मी अजून जपून ठेवलं आहे. तो बाजारभर सांगत फिरला की प्रेसवाल्याने माझा सीझन बुडवला, आणि सही त्याची होती. त्याचा स्वतःचा नंबर, त्याला दिसला नाही? हे मी आजही म्हणेन. मी पैसे अर्धे घेतले, दुसरी ५,००० पत्रकं फुकट छापून दिली, आणि तरी त्याने माझ्याकडे यायचं बंद केलं. माझं चुकलं ते चुकलं, पण सगळं माझंच होतं हे मी कधी मानलं नाही आणि मानणार नाही.

पण सही गुरुजींच्या कामाला आली नाही. दुकानदार गाडीवर बसून, उन्हात, मोबाईलच्या बोटभर फोटोवर ‘सगळं बरोबर शे, छापी टाक’ म्हणतो. तो रंग बघतो, आपला फोटो बघतो. नंबर त्याने लावलेला नसतो. म्हणून त्याच्याकडून ओके घे, लेखी घे, स्वतःच्या बचावासाठी घे. तपासणी म्हणून धरू नकोस.

दुरुस्त केलेलं पत्रक प्लेटला देऊ नकोस अजून. मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको. खऱ्या मापात कागदावर काढ, दोन्ही बाजू, आणि उद्या सकाळच्या चोपड्याच्या एसटीत कंडक्टरकडे दे. मी स्टँडवर थांबतो. तू तिकडून सगळे नंबर लावले असशीलच. मी इकडून माझ्या फोनवरून लावीन, मग छाप.

तुझा काका