पेटी तळापर्यंत तीच: परिपाठातली ‘इंटेग्रिटी’

“मुलगी सातवीत आहे, सांगलीत. परिपाठात तिला इंटेग्रिटी या शब्दावर दोन मिनिटं बोलायचंय, एक सोपं उदाहरण देऊन. नुसतं ‘प्रामाणिकपणा’ म्हटलं तर चालेल का?”

चालेल, पण अर्धाच शब्द हाती लागेल. हा शब्द लॅटिन ‘इंटेजर’वरून आला. अर्थ: ज्याला धक्का लागलेला नाही, अख्खं. गणितातला इंटेजर तोच, आपला पूर्णांक. त्यात तुकडा नसतो. माणसाच्या बाबतीत तोच अर्थ आतबाहेर एक असणं असा होतो. विचारल्यावर खरं सांगणं हा प्रामाणिकपणा, पण कुणी विचारणारच नसेल तेव्हा काय, हे त्या शब्दातून आपोआप येत नाही. मला ‘सचोटी’ जवळचा वाटतो. त्याला व्यवहाराचा वास आहे खरा, पण सांगलीत तो उलट उपयोगीच पडेल.

गंमत म्हणजे मुलं हा शब्द रोज म्हणतात. संविधानाच्या उद्देशिकेत ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’ आहे ना, त्यातली एकात्मता म्हणजे इंग्रजी मजकुरातली इंटेग्रिटीच. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ती तिथे आली. मात्र माणसाला ‘एकात्मता असलेला’ म्हणू नका, फार विचित्र वाटतं.

भाषण साधारण असं करता येईल:

“उद्देशिकेत आपण रोज एकात्मता म्हणतो. इंग्रजीत तिथे इंटेग्रिटी आहे. देश अख्खा राहणं, तसंच माणूसही अख्खा असणं. म्हणजे काय, ते एका पेटीवरून सांगते. एक मुलगी सुट्टीत आजोबांच्या बागेत द्राक्षं भरत होती. पावसानं काही मणी तडकले होते. तिनं ते घड तळाला घातले आणि वर टपोरे रचले. बघणारा वरचाच थर बघणार, हे तिला माहीत होतं. ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती, कारण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आजोबांनी न बोलता पेटी पालथी केली, तडकलेले घड बाजूला काढले आणि परत भरली. पेटी थोडी कमी भरली. मग म्हणाले, ‘बाळा, पेटी वरनं उघडली काय, खालनं उघडली काय, एकच दिसाय पाहिजे.’”

पेटीची गोष्ट निवडली ती यासाठी की ‘सापडलेलं पाकीट परत दिलं’ हे उदाहरण प्रामाणिकपणातच संपतं. इथे मात्र खोटं कुणी बोललेलं नाही, तरी काहीतरी तुटलंय, हे मुलांना दिसतं.

उच्चार करताना जोर ‘टे’वर द्यायला सांगा. आणि भाषण आजोबांच्या वाक्यावरच थांबवा. ‘म्हणून बालमित्रांनो’ सुरू झालं की पुढच्या रांगेतली मुलं बुटानं माती उकरायला लागतात.