निळी टिक येते, फोन येत नाही

«जाहिरातीखाली कन्सल्टन्सीचा नंबर असतो, त्यावर रेझ्युमे टाकतो. निळी टिक दिसते, पण पुढे काहीच नाही. मेसेज मोठा लिहावा की दोन ओळींत आवरावं? नेमकं लिहायचं तरी काय?» – डिप्लोमा झालेला तरुण, जालना

दोन नव्हे, चार ओळी लिहा. पण त्याआधी तुम्ही पाठवलेला मेसेज समोरच्याच्या मोबाइलवर कसा दिसतो ते एकदा बघा. गंगापूर तालुक्यातल्या एका मुलाची केस तुमच्यासारखीच होती, तीच सांगतो.

मुलगा डिप्लोमा मेकॅनिकल, वाळूजच्या एका छोट्या युनिटमध्ये दोन वर्षं क्वालिटीला. जाहिरात होती क्वालिटी इन्स्पेक्टरची: मशिन शॉपचा अनुभव हवा, मायक्रोमीटर आणि भोकाचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज हाताळता आले पाहिजेत, ठिकाण वाळूज. त्याने आधी «गुड मॉर्निंग सर» टाकलं, उत्तराची वाट पाहिली, मग दुपारी «जॉब आहे का सर» विचारलं आणि संध्याकाळी फाइल पाठवली. जाहिरातीतला नंबर एका मॅडमचा होता, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

भरती करणाऱ्याच्या फोनवर अनोळखी नंबरांची रांग लागलेली असते आणि चॅटच्या यादीत शेवटच्या मेसेजची पहिली ओळच काय ती दिसते. त्या ओळीत «गुड मॉर्निंग» असेल तर हा माणूस वेल्डरच्या जागेसाठी आलाय की अकाउंट्सच्या, हे कळायला चॅट उघडावं लागतं. जागेचं नाव पहिल्या वाक्यात असलं की आणखी एक काम होतं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीची तशीच मागणी आली, की तीच मॅडम व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्चमध्ये «क्वालिटी» टाइप करते. मेसेजमध्ये तो शब्द जाहिरातीत होता तसाच असेल तर तुम्ही सापडता. म्हणून जाहिरातीतलं पदनाम जसंच्या तसं उचलायचं. जाहिरात इंग्रजीत असेल तर मेसेजही इंग्रजीत लिहा, म्हणजे सर्च जुळतो.

मोठा घोटाळा मात्र फाइलमध्ये होता. गावातल्या झेरॉक्सवाल्याने रेझ्युमे टाइप करून प्रिंट दिली होती. मुलाने ती मोबाइलने स्कॅन केली आणि सोबत दहावी, डिप्लोमाच्या मार्कशीट आणि आधारकार्ड जोडून अकरा पानांची एक पीडीएफ केली. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफच्या पहिल्याच पानाची झलक दिसते आणि याच्या फाइलचं पहिलं पान होतं दहावीची मार्कशीट. फाइलचं नाव `Scan_0012.pdf`. रेझ्युमे सहाव्या पानावर! तिथपर्यंत कोण जाणार?

आधार, पॅन आणि मार्कशीट पहिल्या मेसेजमध्ये जोडू नका. ती कागदपत्रं निवड झाल्यावर लागतात, आणि अनोळखी नंबरला आधारची प्रत देणं तसंही धोक्याचं. रेझ्युमे झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट म्हणून घेऊ नका, त्याच्या कॉम्प्युटरवरची फाइलच पीडीएफ करून मागा. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो, त्यात शब्द शोधता येत नाहीत. तपासायचं असेल तर पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर फाइल ठीक, नाही तर तो फोटोच आहे. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गॅलरीतून इमेज म्हणून पाठवलं तर बारीक अक्षर पुसट होतं.

नाव ठेवायचं ते असं: `Nav_Aadnav_Quality_Inspector.pdf`. मॅडम ती फाइल कंपनीच्या एचआरला फॉरवर्ड करतात तेव्हा तुमचा मजकूर मागे राहू शकतो, फाइलचं नाव मात्र सोबत जातं. मूळ पाठवणाऱ्याचा नंबरही फॉरवर्डमध्ये दिसत नाही, म्हणून नाव आणि मोबाइल नंबर मेसेजच्या शेवटी आणि रेझ्युमेच्या माथ्यावर, दोन्हीकडे हवा.

आता जमेची बाजू. त्याने लिहिलं होतं, «मी मेहनती, प्रामाणिक आणि टीमवर्कमध्ये चांगला आहे.» हे खोटं नव्हतं, पण ते वाचून कुणाला काही पडताळता येत नाही आणि कोणत्याही जागेला ते चालतं. रोज शिफ्टला गेल्यावर पहिलं काम काय करतोस, असं विचारल्यावर खरं बाहेर आलं. मशिनचं सेटिंग बदललं की पहिला पीस तपासायचा. बोअर गेज नेमक्या मापाच्या मास्टर रिंगवर झिरो करायचा, मग बोअरमध्ये घालून काटा किती सरकतो ते बघायचं. काटा शंभरांश मिलिमीटरचा फरक दाखवतो. झिरो चुकला तर सगळे पीस कागदावर बरोबर आणि जोडणीच्या वेळी रिजेक्ट. जाहिरातीत बोअर गेज मागितलाच होता आणि पठ्ठ्याच्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

एकच बाजू निवडायची ती अशी: जाहिरातीत मागितलेलं आणि तुम्ही हाताने केलेलं, हे दोन्ही जिथे जुळतं ती. मायक्रोमीटरही येतो, ड्रॉइंगही वाचता येतं, ते सगळं रेझ्युमेत जाऊ द्या.

पहिल्या मसुद्यात त्याने «पहिला पीस पास करतो» लिहिलं. पास करण्याची सही सुपरवायझरची असायची, हा तपासून रिपोर्ट भरायचा. फोनवर «सही कुणाची असते?» एवढं विचारलं असतं तरी तो अडकला असता. शब्द बदलला आणि मेसेज असा झाला:

«नमस्कार मॅडम, वाळूजच्या क्वालिटी इन्स्पेक्टर या जागेसाठी अर्ज करत आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, मशिन शॉपमध्ये 2 वर्षं अनुभव. सेटिंगनंतरचा पहिला पीस तपासून रिपोर्ट भरतो, बोअर गेजचं झिरो सेटिंग स्वतः करतो. एक पानाचा रेझ्युमे पीडीएफमध्ये जोडला आहे. – नाव आडनाव, मोबाइल नंबर»

पगाराची अपेक्षा, घरची परिस्थिती, «काहीही काम चालेल» हे यात नाही, आणि नसावं. «काहीही चालेल» लिहिलं की कोणत्या जागेसाठी नाव पुढे करायचं ते वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि तो ते ठरवत बसत नाही.

हाच मजकूर ईमेलने पाठवायचा असेल तर विषयाच्या ओळीत पदनाम, अनुभव आणि नाव टाका. फाइल आधी जोडा, मजकूर नंतर लिहा आणि समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे फाइलविना मेल जाण्याची चूक होत नाही. एकाच मेलमध्ये वीस जणांचे पत्ते घालू नका, प्रत्येकाला बाकीचे एकोणीस दिसतात. आणि एका जागेचा जुना मेसेज दुसरीकडे फॉरवर्ड करू नका, त्यात आधीचंच पदनाम जातं. कॉपी करा, पदनाम आणि सर की मॅडम हे बदला, मग नवा म्हणून पाठवा.

चार-पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर आपल्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून एक ओळ: «मॅडम, क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा अजून खुली आहे का?» यापेक्षा जास्त वेळा विचारू नका. गंगापूरच्या मुलाने असंच विचारलं होतं. त्याला उत्तर आलं, «ती जागा भरली. बजाजनगरहून सेकंड शिफ्टला येणं जमेल का? दुसऱ्या प्लांटला बोअर गेजवालाच हवाय.»