प्रगतिपुस्तकातली बेरीज तपासण्यासाठी शाळेला पत्र

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. तिच्या प्रगतिपुस्तकातल्या विषयांच्या गुणांची बेरीज एकूण गुणांशी जुळत नाही. शाळेला पत्र कसं लिहावं? बाई दुखावणार तर नाहीत?

उत्तर: मी बरीच वर्षं वर्गशिक्षिका होते आणि निकालाच्या दिवसांत असं एक पत्र मलाही आलं होतं. त्याचा राग नाही आला, कारण त्या आईंनी चूक कुठे आहे ते नेमकं दाखवलं होतं.

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट बघा. चित्रकला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना नुसती श्रेणी असेल, तर ते विषय बेरजेत धरलेले नसतात. ते वगळून बेरीज पुन्हा करा. तरीही फरक राहिला, तर तो किती आहे ते पाहा. एखाद्या विषयाच्या गुणांइतकाच असेल, तर तो विषय मिळवायचा राहून गेला असणार. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे.

माझ्याकडून तेच झालं होतं. त्या मुलाचे गुण मराठी ७८, हिंदी ८१, इंग्रजी ६९, गणित ७४, विज्ञान ८३ आणि सामाजिक शास्त्रे ७७ असे होते. बेरीज ४६२ होते, प्रगतिपुस्तकात मात्र ४३५ होती. फरक २७. प्रगतिपुस्तकात गणिताचे ७४ बरोबर उतरले होते, पण निकालपत्रकात मी ४७ लिहिले होते आणि बेरीज तिथूनच आली होती. त्यामुळे ७७ टक्क्यांचे ७२.५ झाले होते.

पत्र मुख्याध्यापकांच्या नावे, वर्गशिक्षकांमार्फत द्या. मजकूर एवढा पुरे:

"विषय: प्रगतिपुस्तकातील एकूण गुणांची बेरीज तपासण्याबाबत.
महोदय, माझी मुलगी (नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक) हिच्या प्रगतिपुस्तकातील सहा विषयांच्या गुणांची बेरीज ४६२ होते. तेथे ४३५ अशी नोंद आहे. विषयवार गुण खाली दिले आहेत. कृपया निकालपत्रकाशी पडताळणी करून दोन्ही ठिकाणी आवश्यक ती दुरुस्ती करावी, ही विनंती. उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीची मागणी नाही. सोबत: प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स."

आकडे अर्थातच तुमचे घाला. शेवटून दुसरं वाक्य मात्र गाळू नका. ते नसेल तर शिक्षकांना वाटतं, पालक पेपर पुन्हा तपासायला सांगताहेत, आणि गोष्ट उगाच लांबते. 'दोन्ही ठिकाणी' हे शब्दही राहू द्या. नुसतं प्रगतिपुस्तक दुरुस्त झालं, तर शाळेच्या दप्तरी जुनाच आकडा राहतो आणि पुढे कधी दुसरी प्रत मागितली की तोच उतरतो.

प्रगतिपुस्तकावर स्वतः खाडाखोड करू नका, पेन्सिलनेही नाही. पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. दुरुस्ती झाल्यावर नव्या आकड्याशेजारी सही आहे ना, आणि बेरजेबरोबर टक्केवारीही बदलली आहे ना, एवढं तिथेच उभं राहून बघा. माझ्याकडून टक्केवारी पहिल्या खेपेला बदलायची राहिली होती, आणि त्या आईंना पुन्हा यावं लागलं.