हरवली आहे: जिगरी मित्राची अक्कल

«मॅडम, सीईटी झाली त्या संध्याकाळी मी आमच्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकलं होतं, 'हरवली आहे! आमच्या मित्राची अक्कल. शेवटची दिसली सीईटीच्या आदल्या रात्री 9 वाजता, चहात साखरेऐवजी मीठ घालताना. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अंबरनाथच्या सेंटरला जायला निघाला आणि ठाण्याच्या दिशेने गेला. मायनस मार्किंग नसलेल्या पेपरात मॅथ्सचे 14 प्रश्न कोरे सोडून आला. शोधणाऱ्याला बक्षीस नाही, कारण वस्तूची मूळ किंमतच शून्य.' सगळे हसले, तोपण हसला. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी नीट बोलत नाहीये आणि अजून एक एंट्रन्स बाकी आहे. त्याला खरंच काही झालंय का? आणि माझं चुकलं का?»

दोघांनाही विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तुझा मित्र आला तेव्हा मी त्याला म्हटलं काय झालं ते सांग, तर त्याने काही न बोलता मोबाइल पुढे केला आणि तुझी नोटीसच वाचायला दिली. मला हसू आलं हे कबूल करते, पण दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की अरे ही तर बऱ्यापैकी चांगली केस हिस्टरी आहे, वेळ काय, घडलं काय, आधी काय नंतर काय, सगळं आहे. पालक सहसा एवढं सांगत नाहीत, ते फक्त "लक्षच नसतं हो त्याचं" म्हणतात.

मिठाचं सोड, ते झोपेचं. चार रात्री तो दोनला झोपून सहाला उठत होता आणि रात्री अकराला कॉफी. कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाचेक तास लागतात, म्हणजे जी काही चार तासांची झोप होती तीपण धड नव्हती. अशा वेळी माणूस मीठ काय नि साखर काय, पांढरं दिसलं की घालतो.

मला जास्त इंटरेस्ट होता तो ट्रेनमध्ये आणि त्या 14 प्रश्नांमध्ये, कारण या दोन वेगळ्या चुका नाहीत, एकच चूक दोनदा झालीये.

बघ ना, तो राहतो कल्याणला आणि दोन वर्षं रोज सकाळी क्लाससाठी ठाण्याला जातो. त्या दिवशी पाय आपोआप रोजच्या प्लॅटफॉर्मवर गेले, समोर सीएसएमटीची स्लो लागली होती, चढला, आणि दिवा स्टेशन आल्यावर त्याला कळलं की आपण उलटे चाललोय. तिथून परत फिरून अंबरनाथ गाठलं तेव्हा गेट बंद होतच होतं. आता पेपर. जेईईत चुकलं की एक मार्क जातो म्हणून दोन वर्षं क्लासवाल्यांनी "डाउट आहे तर सोड" हे अक्षरशः घोटवून घेतलेलं. सीईटीला मायनस नाही हे त्याला माहीत नव्हतं का? होतं की, मला सगळा पॅटर्न त्याने पाठ म्हणून दाखवला. पण हात सवयीने सोडत गेला. चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं असतं तरी 14 पैकी सरासरी तीन-चार बरोबर आले असते, मॅथ्सला प्रश्नाला 2 मार्क, म्हणजे सातेक मार्क तिथेच राहिले.

ताण वाढला की असंच होतं. "थांब, आज वेगळं करायचंय" हे आठवून द्यायचं काम डोक्याचा जो भाग करतो तो ताणाने आणि अपुऱ्या झोपेने आधी ढेपाळतो, सवयींचं मशीन मात्र चालूच राहतं, कारण त्याला विचार लागतच नाही. म्हणून माहिती असते, ऐन वेळी वर येत नाही. त्यामुळे "जरा अक्कल वापर" हे सांगून काही होत नाही, जो भाग बसलाय त्यालाच काम सांगितल्यासारखं आहे ते.

मग पुढच्या एंट्रन्ससाठी आम्ही उलटं केलं, नवीन गोष्टीचीच थोडी सवय करून टाकायची. सेंटर होतं वाशीला. म्हणजे ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर पकडायची, आणि ठाणे म्हटलं की याचे पाय क्लासच्या बाजूने बाहेर पडणार हे नक्की! म्हणून त्याला दोन वेळा त्याच वेळेला, तीच बॅग घेऊन सेंटरच्या गेटपर्यंत जाऊन यायला सांगितलं. नुसतं मॅपवर बघून नाही चालत, पायांना कळावं लागतं. आणि एकच वाक्य ठरवलं, "ठाण्याला उतरलो की जिना चढायच्या आधी थांबून मोबाइलचा वॉलपेपर वाचायचा." वॉलपेपरवर मोठ्या अक्षरात वाशी. त्या पेपरला मायनस होतं की नाही ते त्याने माहितीपत्रकात स्वतः बघितलं, आणि रफ कागद हातात आला की पहिली ओळ तीच लिहायची असं ठरलं. मॉक टेस्टलापण तसंच करायचं, नाहीतर तेपण त्या दिवशी विसरणार. कॉफी दुपारनंतर बंद, रात्री साडेअकराला पुस्तक मिटायचं. यावरून भांडला माझ्याशी. शेवटी बारावर तोडलं.

खरंच काही झालंय का, तर ते मी आधी तपासलं होतं. असं शाळेपासून, परीक्षा नसतानासुद्धा होतं का, वस्तू हरवणं, अर्धवट सोडणं? नाही. तसं असतं तर लक्षाच्या अडचणीसाठी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. जागायच्या गोळ्या वगैरे? नाही. परीक्षा संपून दोन आठवडे झाले तरी झोप, भूक, लक्ष जागेवर आलं नाही, किंवा तो "मी नसलो तरी चालेल" असलं काही हसत हसतपण बोलला, तर मात्र वाट बघायची नाही. घरच्या मोठ्यांना सांगायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन आहे, फुकट आहे, रात्रीपण चालतो, मराठीत बोलता येतं.

आता तुझं. मी त्याला विचारलं यातलं नक्की काय लागलं? मला वाटलेलं ट्रेनचं लागलं असेल. तर म्हणाला नाही, ते तर मी स्वतःच सगळ्यांना सांगत होतो, मीठवाला चहा तर भारीच होता. लागली ती शेवटची ओळ, किंमत शून्य. बाकी सगळं त्या दिवशी काय घडलं त्याबद्दल होतं, ती एकच ओळ तो कसा आहे त्याबद्दल होती, आणि 14 प्रश्न कोरे सोडून आलेला मुलगा त्या रात्री स्वतःला तेच म्हणत होता. तुला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण चुकलं, हो.

ग्रुपवर "सॉरी भावा" टाकू नकोस, मग वीस जण परत सुरू होतील. त्याला एकट्याला भेट, त्या एका ओळीबद्दल सॉरी म्हण, बाकीच्या नोटिशीबद्दल नको, आणि वाशीच्या दुसऱ्या फेरीला सोबत जा, असं मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "मॅडम, पण मी काय करणार तिथे?" काही नाही रे. वडापाव खा.

तू गेलास. एंट्रन्सच्या दिवशी तो गेट उघडायच्या आधी वीस मिनिटं वाशीला हजर होता, मायनसची ओळ लिहिली, पण पाण्याची बाटली ट्रेनमध्येच राहिली. संध्याकाळी ग्रुपवर नवीन नोटीस आली, यावेळी त्यानेच टाकलेली: "अक्कल सापडली, वाशी स्टेशनला. बाटली हरवली आहे, निळी, एक लिटरची, आईची आहे, कृपया लवकर कळवा."