फ्लूनंतर घरी सोडल्यावर काय बघायचं, परत कधी न्यायचं

प्रश्न: बाबांना (वय ६४) फ्लूमुळे ॲडमिट केलं होतं, आज डिस्चार्ज मिळाला. सिस्टरने सूचना भराभर सांगितल्या, निम्म्या डोक्यावरून गेल्या. घरी नक्की कशावर लक्ष ठेवायचं आणि परत कधी न्यायचं?

उत्तर: मी वॉर्डमध्ये नर्स आहे. डिस्चार्जच्या घाईत सूचना डोक्यावरून जातात, त्यात तुमची चूक नाही. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ताप उतरला, दोन दिवस बरे गेले आणि मग पुन्हा ताप चढला, तर तो ‘राहिलेला फ्लू’ समजून घरी थांबू नका. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडून टाकतो आणि त्या उघड्या जागी जिवाणू बस्तान बसवतात. त्यातून न्यूमोनिया होतो. पेशंट सुधारत असतानाच हे होत असल्यामुळे घरचे गाफील राहतात. समजा, शुक्रवारी आणि शनिवारी ताप नव्हता, बाबा उठून जेवले. रविवारी रात्री थंडी वाजून १०१ ताप आला, खोकला वाढला, कफ पिवळा-हिरवा किंवा गंजासारखा पडला. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दाखवा. गोळीने आकडा खाली येईल, आतलं दुखणं तसंच राहील.

आता गोळ्या. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध मोठ्या माणसाला साधारणपणे ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात, म्हणजे एकूण दहा डोस. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी असतो, त्यामुळे कार्डावर जे लिहिलंय तेच खरं. पहिला डोस सोमवारी संध्याकाळी आणि सहावा गुरुवारी सकाळी वॉर्डमध्येच झाला असेल, तर घरी चार उरतात. शेवटचा शनिवारी सकाळी. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. मळमळत असेल तर जेवणासोबत द्या. डोस विसरलात आणि पुढच्याला दोन तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर तो सोडून द्या. दोन एकदम देऊ नका.

पॅरासिटामॉलचा घोळ मात्र नेहमी होतो. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्ये ते आधीच असतं. वरून तापाची वेगळी गोळी दिली की डोस नकळत दुप्पट होतो आणि त्याचा भार लिव्हरवर पडतो. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

घरी थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर एवढं पुरे. ऑक्सिजन मोजताना बाबांना पाच मिनिटं शांत बसवा, बोट थंड असेल तर चोळून गरम करा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. बरेच जण लावल्याबरोबरचा पहिला आकडा बघून घाबरतात. बसल्या जागी वारंवार ९४च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना फोन करा, ९२च्या खाली असेल तर थेट घेऊन या. दम्यासारखा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर त्यांचा आकडा वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.

माझा स्वतःचा भरवसा आकड्यापेक्षा श्वासावर जास्त. नाडी बघतोय असं भासवत मनगट धरा आणि छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. मोजताय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. १२ ते २० ठीक आहे. निवांत बसलेले असताना २५च्या वर गेला, किंवा एक वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, तर निघा.

याशिवाय लगेच न्यायची लक्षणं: छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बडबडणं किंवा ओळख न पटणं, उठवूनही झोपेतून नीट जागं न होणं, आठ तासांत लघवी न होणं, पाणीही पोटात न टिकणं. पोटऱ्या असह्य दुखत असतील आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर तेही तातडीचंच. स्नायूंना इजा होऊन किडनीवर ताण आलेला असू शकतो.

कोरडा खोकला दोन-तीन आठवडे टिकतो, थकवा त्याहून जास्त. हळूहळू कमी होत असेल तर त्याला घाबरू नका. तापाची गोळी न घेता सलग २४ तास तापाविना जाईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा, तुम्ही जवळ जाताना दोघांनीही मास्क लावा. पाणी थोडं थोडं देत राहा. हृदयाच्या त्रासामुळे पाण्यावर बंधन असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेलंच माप पाळा.

परत न्यावं लागलं तर डिस्चार्ज कार्ड, उरलेली गोळ्यांची पट्टी आणि ताप-ऑक्सिजन वेळेसकट लिहिलेला कागद सोबत घ्या, आणि दारातच ‘नुकताच फ्लू झाला होता’ हे सांगा.